सीमेवरचं बिल आणि टॅलीचं सर्टिफिकेट

निपाणीहून कागल जेमतेम अर्ध्या तासावर आहे. मध्ये कोगनोळी लागते आणि राज्य बदलतं. बाजार मात्र एकच आहे. निपाणीच्या व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक कागल, मुरगूड, गडहिंग्लजला असतं, आणि बेळगावच्या उद्यमबागेत तयार झालेला सुटा भाग कोल्हापूरजवळच्या कारखान्यांत जातो. भाषेला, सोयरिकीला, बाजारहाटाला ही सीमा फारशी आडवी येत नाही, बिलाला येते. निपाणीतल्याच व्यापाऱ्याला माल विकला तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे कराचे दोन भाग लागतात. तोच माल, त्याच दराने, कागलच्या व्यापाऱ्याच्या गोदामात पोचवला की हे दोन्ही जातात आणि त्यांच्या जागी एकच आयजीएसटी येतो. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, घेणाऱ्याचा २७ ने, आणि या दोन आकड्यांमधला फरक ओळखून बिल करणं हे इथल्या अकाउंटंटचं रोजचं काम आहे. राज्याच्या मधोमध असलेल्या एखाद्या तालुक्याच्या गावी हिशेब लिहिणाऱ्याला परराज्यातलं बिल क्वचित करावं लागतं. सीमाभागात ते एकाच बिलबुकात, एकाखाली एक, दिवसातून चार वेळा येतं. त्यामुळे ‘नोकरीसाठी कोणतं सर्टिफिकेट करू?’ या बीकॉमच्या मुलामुलींच्या प्रश्नाचं उत्तर इथे या बिलापासूनच शोधायला हवं.

छोट्या धंद्यात माणूस घेतो कोण, हे आधी पाहू. वरवर पाहता मालक घेतो. पण मालकाला स्वतःला टॅलीत फार गती असतेच असं नाही. तो दोनच गोष्टी विचारतो: टॅली येतं का, आणि आधी कुठे काम केलंय. खरी पारख बहुधा दुसरीकडे होते, म्हणजे त्याचं रिटर्न भरणाऱ्या सीएच्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात. दर महिन्याला अकाउंटंटने भरलेला डेटा तिथेच जातो, चुका तिथेच सापडतात, आणि ‘याच्याऐवजी दुसरा बघा’ हा निरोपही तिथूनच येतो. अनेकदा मालक माणूस शोधायचं कामच सल्लागारावर सोपवतो. म्हणजे उमेदवाराच्या कागदाचे वाचक दोन. एक मालक, त्याला नाव ओळखीचं लागतं. दुसरा सल्लागार, त्याला काम तपासता आलं पाहिजे. माझं म्हणणं इतकंच आहे की पहिल्या वाचकापुरतं ‘टॅली’ हे नाव पुरतं, पण नोकरी ठरते ती दुसऱ्यापाशी. आणि त्याच्यापाशी चालणारं सर्टिफिकेट तेच, ज्याच्या मागे एका पूर्ण महिन्याचा, दोन राज्यांत विक्री असलेला, सुरुवातीपासून रिटर्नपर्यंत बंद केलेला हिशेब उभा आहे.

टॅलीच का, हे फार लांबवायची गरज नाही. बेंगळुरूच्या या कंपनीचं सॉफ्टवेअर १९८६ पासूनचं आहे. कीर्द-खतावणी लिहिणारे दिवाणजी कम्प्युटरकडे वळले ते बहुतेक टॅलीच्याच वाटेने, आणि सल्लागारांची ऑफिसंही त्यावरच चालतात. अकाउंटंटने दिलेला बॅकअप सल्लागाराला जसाच्या तसा उघडता आला पाहिजे, एवढं एकच कारण टॅली टिकायला पुरेसं आहे. औषधांच्या घाऊक विक्रेत्यांकडे मार्ग दिसतं, काही ठिकाणी बिझी असतं, छोट्या दुकानांत मोबाइलवरचं व्यापार असतं. पण या प्रत्येकाचं वेगळं सर्टिफिकेट घेऊन नोकरी शोधावी अशी स्थिती इथे नाही. ती सॉफ्टवेअरं कामावर बसल्यावर आठवड्याभरात हाताखाली येतात. टॅलीचं तसं नाही, ते येतंच असं धरून चालतात.

आता ‘टॅलीचं सर्टिफिकेट’ म्हणून जे दाखवलं जातं त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. एक गल्लीतल्या क्लासचं: दोन-तीन महिने हजेरी लावली, शेवटी क्लासचालकाच्या सहीचा रंगीत कागद मिळाला. दुसरं टॅली एज्युकेशनचं. टॅलीइसेन्शियल, टॅलीप्रो, टॅलीएस अशा त्याच्या पायऱ्या आहेत. परीक्षा ऑनलाइन होते, आणि प्रमाणपत्र खरं की खोटं हे तिसऱ्या माणसालाही तपासता येतं. दुसरं उजवं, हे सांगायला नको. पण त्याचं उजवेपण कंपनीच्या नावात नाही, परीक्षा शिकवणाऱ्याने घेतलेली नाही यात आहे. क्लासचालक आपल्या विद्यार्थ्याला नापास करत नाही, हे सल्लागाराला पक्कं ठाऊक असतं. तरीही ही परीक्षाही अर्धीच गोष्ट सिद्ध करते. कुठल्या पडद्यावर काय आहे, कुठला व्हाउचर कशासाठी, हे उमेदवाराला कळतं एवढं त्यावरून समजतं. महिना बंद करता येतो का, हे प्रश्नपत्रिकेतून कळणं अवघड आहे.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. परवाना न घेता टॅली वापरलं की ते शैक्षणिक पद्धतीत चालतं, आणि त्या पद्धतीत महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ या तारखांनाच व्हाउचर टाकता येतं. घरी सराव करणारे आणि पुष्कळ क्लासमध्ये शिकणारे विद्यार्थी याच पद्धतीवर शिकतात. परिणाम असा की तीन महिन्यांच्या शिक्षणात त्यांनी कधी १७ तारखेचं बिल टाकलेलं नसतं. बिल ९ तारखेचं, माल १२ ला आला, पैसे २६ ला गेले आणि चेक पुढच्या महिन्यात वटला, ही साखळी त्यांच्या हाताखालून गेलेली नसते. बँकेच्या उताऱ्याशी जुळवणी हा धडा पुस्तकात असतो, पण सगळ्या नोंदी दोन-तीन तारखांवर असल्या तर जुळवणीत काही अडतच नाही. सल्लागार अशा उमेदवाराला चार प्रश्नांत ओळखतो. म्हणून क्लास निवडताना पहिला प्रश्न फीचा असू नये. मशीनवर परवान्याचं टॅली आहे का, आणि सरावाच्या नोंदी महिनाभर पसरलेल्या असतात का, हे विचारावं.

महिना बंद करणं म्हणजे काय, ते निपाणीच्याच व्यापारावर पाहू. निपाणी तंबाखूची पेठ आहे आणि तंबाखूच्या पानाला जीएसटीत एक खास नियम आहे. शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने पान घेतलं तर त्यावरचा ५ टक्के कर शेतकरी भरत नाही, खरेदीदारच भरतो. व्यापारी याला सरळ आरसीएम म्हणतात. पान अखंड असो वा मोडलेलं, दर एकच; त्यापुढची प्रक्रिया झालेल्या मालाचा दर वेगळा. कुठला माल कशात बसतो हे सल्लागाराने ठरवायचं. आपण पानच धरू. समजा, एका व्यापाऱ्याने महिन्यात ४,००,००० रुपयांचं पान घेतलं. त्यातलं २,५०,००० चं निपाणीच्या आसपासच्या शेतकऱ्यांकडून आणि १,५०,००० चं कागल तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून निपाणीत पोचतं झालेलं. विक्री ५,००,००० ची: २,००,००० कर्नाटकातल्या व्यापाऱ्याला, ३,००,००० कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला. एवढा छोटा महिना, पण नवख्याला घोळात घ्यायला पुरेसा.

खरेदीपासून सुरुवात करू. शेतकऱ्याला त्याचे पूर्ण ४,००,००० द्यायचे आहेत. करापोटीचे २०,००० त्याच्या खात्यात जमाही करायचे नाहीत आणि त्याच्या पट्टीतून कापायचेही नाहीत. नवखा अकाउंटंट इथे पहिली चूक करतो: नेहमीच्या खरेदीसारखा कर बिलात मिळवतो आणि शेतकऱ्याचं येणं २०,००० नी फुगवतो. शेतकरी नोंदणीकृत नाही, त्यामुळे तो कराचं बिल देत नाही. व्यापाऱ्याला स्वतःच्याच नावाने, ठरलेल्या ३० दिवसांत, खरेदीचं बिल तयार करावं लागतं. मग टॅलीत वेगळी जर्नल नोंद, `F7` दाबून `Alt+J` ने कराच्या समायोजनाचा प्रकार निवडायचा आणि देय कर व मिळणारं क्रेडिट दोन्ही उभं करायचं. निपाणीकडच्या २,५०,००० वर सीजीएसटी ६,२५० आणि एसजीएसटी ६,२५०. कागलकडच्या १,५०,००० वर मात्र विकणारा महाराष्ट्रात आणि माल कर्नाटकात पोचलेला, म्हणून आयजीएसटी ७,५००. हे २०,००० रोखच भरावे लागतात, जुन्या क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत. भरल्यावर तेवढंच क्रेडिट मिळतं.

विक्रीला येऊ. कर्नाटकातल्या २,००,००० वर सीजीएसटी ५,००० आणि एसजीएसटी ५,०००, कोल्हापूरच्या ३,००,००० वर आयजीएसटी १५,०००. कोल्हापूरचं बिल करासह ३,१५,००० चं, म्हणजे ५०,००० च्या वर. ट्रक निपाणीतून निघण्याआधी ई-वे बिल हवं, आणि त्यावरचा कर छापील बिलाशी जुळायला हवा. महिनाअखेरीला वजावट. आयजीएसटीचं ७,५०० चं क्रेडिट आधी आयजीएसटीच्याच देण्यात जातं, ७,५०० उरतात. सीजीएसटीच्या ६,२५० मधून ५,००० फिटतात, १,२५० उरतात, एसजीएसटीतही तसंच. हे उरलेले दोन्ही १,२५० आयजीएसटीच्या देण्यात वापरता येतात. म्हणजे आयजीएसटीचे ५,००० रोख भरायचे. आरसीएमचे २०,००० धरून महिन्याचा एकूण भरणा २५,०००.

आता हाच महिना सीमा न ओळखणाऱ्या अकाउंटंटने लिहिला असं समजा. गिऱ्हाइकाचं खातं उघडताना राज्याच्या रकान्यात कर्नाटक राहिलं, शेतकऱ्यांची गावं पाहिलीच नाहीत, आणि सगळ्याला सीजीएसटी-एसजीएसटी लागला. विक्रीवर १२,५०० आणि १२,५००, क्रेडिट १०,००० आणि १०,०००, फरक ५,०००, शिवाय आरसीएमचे २०,०००. एकूण पुन्हा २५,०००. बेरीज पैशापैशाने बरोबर! मालकाने फक्त चलनाची रक्कम पाहिली तर त्याला काहीच खटकणार नाही. खटकेल कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला. त्याच्या हातात कर्नाटकचा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं बिल पडतं आणि महाराष्ट्रातल्या हिशेबात त्याला त्याचं क्रेडिट घेता येत नाही. तो १५,००० अडकले म्हणून पुढचं पेमेंट थांबवतो. इकडे विकणाऱ्याला योग्य खात्यात कर पुन्हा भरावा लागतो आणि चुकीच्या खात्यात गेलेला परत मागण्यासाठी अर्ज करावा लागतो. व्याज लागत नसलं तरी पैसा मात्र दोनदा गुंततो. छोट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने अकाउंटंट चांगला की वाईट याचा निवाडा अशा ठिकाणी होतो.

म्हणून सर्टिफिकेट निवडताना या महिन्याची मोजपट्टी लावावी. टॅलीच्या पहिल्या पायरीचं शिक्षण व्हाउचर, खाती, माल आणि साधी खरेदी-विक्री शिकवतं. तेवढ्यावर बिलं टाकणारा ऑपरेटर म्हणून जागा मिळते. जीएसटी, आरसीएम, परराज्यातली विक्री, टीडीएस आणि पगारपत्रक ज्या पायरीत येतात, तिथपर्यंत गेलेल्याला ‘अकाउंट्स पाहील’ असं म्हणता येतं. घरची ओढगस्त असेल तर पहिल्या पायरीवर नोकरी धरून पुढची कामावर असताना करावी, कारण या दोन पायऱ्यांमधलं अंतर पुस्तकापेक्षा कामावर लवकर कापलं जातं. एक मात्र जरूर करावं. अभ्यासक्रमाच्या शेवटी वरच्यासारखा एक काल्पनिक महिना स्वतः रचून पूर्ण बंद करावा, त्याचा बॅकअप पेनड्राइव्हवर ठेवावा, आणि मुलाखतीला सर्टिफिकेटच्या जोडीने तो न्यावा. सल्लागार वीस मिनिटांत तो उघडून पाहू शकतो. कुठल्या कागदाला ही सोय नाही.

सीमाभागातल्या मराठी घरांत एमएस-सीआयटीचं वजन मोठं आहे, तेव्हा त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने हा अभ्यासक्रम २००१ च्या सुमारास सुरू केला आणि महाराष्ट्राच्या सरकारी नोकऱ्यांत तो मागितला जातो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना, वास्तव्याची अट पूर्ण असेल तर, महाराष्ट्राच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. त्यामुळे इथल्या मुलाने एमएस-सीआयटी करण्यात खोट नाही, पण ती सरकारी नोकरीची तयारी झाली. व्यापाऱ्याच्या पेढीवर त्या कागदातून एवढंच कळतं की मुलाला कम्प्युटर हाताळता येतो. त्यात एक्सेलची ओळख आहे, हिशेबाचं काम नाही. कर्नाटकच्या केऑनिक्सच्या संगणक प्रशिक्षणालाही हेच लागू. ज्या घरात फीपुरते पैसे एकदाच निघणार आहेत, तिथे अकाउंटंटची नोकरी हवी असताना ते एमएस-सीआयटीवर घालणं मला पटत नाही.

एक्सेलबाबत माझं मत थोडं कडक आहे. छोट्या धंद्यात एक्सेलच्या सर्टिफिकेटमुळे नोकरी मिळत नाही. मायक्रोसॉफ्टची स्वतःची एमओएस परीक्षा आहे, तिच्यात असोसिएट आणि एक्स्पर्ट अशा पातळ्या आहेत, परीक्षा प्रामाणिक आणि हाताने काम करून घेणारी आहे. पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीत, बाहेरच्या देशांचं काम करणाऱ्या ऑफिसात तिला किंमत आहे. पण उद्यमबागेतल्या वर्कशॉपच्या मालकाने ते नाव ऐकलेलं असण्याची शक्यता कमी, आणि त्याच्या मशीनवरचं एक्सेल बहुधा जुनं. परीक्षेत शिकलेलं `XLOOKUP` त्या मशीनवर नसतंच. तिथे `VLOOKUP` किंवा `SUMIFS` वरच भागवावं लागतं. एक्सेल यावं लागतंच, पण ते एका ठरावीक कामासाठी, आणि ते काम करून दाखवणं हाच त्याचा दाखला.

ते काम म्हणजे टू-बीची जुळवणी. पुरवठादारांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी या पत्रकात येतात, आणि २०२२ पासून जे त्यात आलं नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही. दरमहा रिटर्न भरणाऱ्याची थ्री-बीची मुदत २० तारखेची. मधल्या सहा दिवसांत आपलं खरेदी रजिस्टर आणि पोर्टलची फाइल ओळीला ओळ लावून पाहायची असते. टॅलीतही हे करायची सोय आहे, पण सल्लागार फरकाची यादी मागतो ती एक्सेलमध्ये. दोन्ही शीटमध्ये `A` रकान्यात पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, `B` मध्ये बिल क्रमांक, `E` मध्ये कर आहे असं धरा. दोन्हीकडे `F` मध्ये एक किल्ली बनवायची आणि मग आपल्या शीटवर मोजायचं:

```
F2:  =UPPER(TRIM(A2))&"|"&UPPER(TRIM(B2))
G2:  =COUNTIF(Portal!$F:$F,F2)
H2:  =SUMIFS(Portal!$E:$E,Portal!$F:$F,F2)-E2
```

सूत्रं साधी आहेत, कस लागतो तो निकाल वाचताना. समजा, `G` मध्ये तीन ओळींपैकी दोन ठिकाणी शून्य आलं. पहिल्या ओळीचं बिल आपण `BGM/412` असं टाकलंय आणि पुरवठादाराने `BGM/0412` असं. माल तोच, बिल तेच, फक्त एक शून्य अडवतंय. दुसऱ्या ओळीचं बिल पोर्टलवर खरोखरच नाही, कारण पुरवठादाराने रिटर्नच भरलेलं नाही. या दोन शून्यांत फरक न करणारा अकाउंटंट पहिल्या पुरवठादारालाही फोन करून भांडतो आणि मालकाची लाज काढतो. तिसऱ्या ओळीत `G` एक आहे पण `H` मध्ये −१,८०० दिसतात: आपल्याकडे १,००,००० वर १८ टक्क्यांनी १८,००० लिहिलेत, पुरवठादाराने ९०,००० चं बिल चढवून १६,२०० दाखवलेत. इथे खरंच फोन करायचा, आणि तोवर १६,२०० च घ्यायचे. याहून चोरटी चूक अशी की `H` शून्य आहे, पण कोल्हापूरच्या पुरवठादाराचा आयजीएसटी आपण सीजीएसटी-एसजीएसटीत लिहिलाय. एकूण करावर जुळवणी केली तर ती कधीच सापडत नाही. म्हणून सीमेवर एकूण कर न घेता तिन्ही करांचे रकाने वेगवेगळे जुळवावे लागतात. ही एक फाइल नीट लेबलं लावून, फरकाचं कारण शेवटच्या रकान्यात लिहून तयार असेल, तर एक्सेलच्या कुठल्याही कोर्सचा कागद नसला तरी चालतं.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येईल की सर्टिफिकेट, फाइल, सगळं ठीक, पण मालक शेवटी अनुभवच विचारतो. खरं आहे, आणि दोन वर्षं एका पेढीवर काम केलेल्याला सर्टिफिकेटवर पैसे घालायची गरजही नाही. प्रश्न ज्याला अनुभव नाही त्याचा आहे. त्याच्यापुढे दोन वाटा असतात: कमी पगारावर सल्लागाराच्या ऑफिसात वर्षभर बसणं, किंवा थेट दुकानात जागा शोधणं. मला पहिली वाट अधिक पटते, कारण तिथे एका वर्षात दहा-वीस धंद्यांचे महिने नजरेखालून जातात. पण त्या ऑफिसातही रिकाम्या हाताने घेत नाहीत. टॅलीची तपासता येणारी परीक्षा आणि बंद केलेला एक महिना तिथे आत जायला उपयोगी पडतो. अनुभव आणि सर्टिफिकेट यांची स्पर्धा नाही. एकामुळे दुसऱ्याची सुरुवात होते.

दुसरा आक्षेप पदवीचा. निपाणीत एक नवल आहे: गावातलं बागेवाडी कॉलेज कर्नाटकात, राणी चन्नम्मा विद्यापीठाचं, आणि गावाला लागूनच अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाचं. एकाच गल्लीतली दोन मुलं दोन राज्यांच्या विद्यापीठांचे बीकॉम होऊ शकतात. नोकरी देणाऱ्याला त्या फरकाचं काही नसतं. पदवीने हिशेबाची समज येते, आणि ती नसलेला माणूस टॅलीत कितीही चपळ असला तरी डेबिट-क्रेडिटच्या पहिल्या गुंत्यात अडकतो. पण पदवीच्या परीक्षेत बऱ्याचदा हिशेब कागदावर सोडवायचा असतो. तेव्हा पदवी बाजूला सारायची नाही आणि तिच्यावर विसंबायचंही नाही. तिसऱ्या वर्षाला असतानाच टॅलीची परीक्षा दिली तर निकालाच्या दिवशी दोन्ही हातात असतात.

तिसरा आक्षेप नव्या सॉफ्टवेअरचा: सगळं क्लाउडवर चाललंय, टॅली शिकून काय करायचं? झोहो बुक्स वाढतंय, सेवा देणारे आणि निर्यात करणारे तिकडे जातायत, हे मान्य. पण क्विकबुक्सचं उदाहरण जवळचं आहे. जगभर चालणारं हे सॉफ्टवेअर इंट्यूट कंपनीने भारतात २०२३ मध्ये बंद केलं, आणि त्यावर काम करणाऱ्या इथल्या धंद्यांना दुसरीकडे जावं लागलं. तरी क्विकबुक्सचे कोर्स अजून विकले जातात. अमेरिका-कॅनडातल्या धंद्यांचे हिशेब इथून लिहिणाऱ्या ऑफिसात नोकरी हवी असेल तर ते उपयोगी आहेत, आणि त्यासाठी इंट्यूटचं स्वतःचं प्रोअ‍ॅडव्हायझर प्रमाणपत्र फुकट मिळतं. क्लासला पैसे देण्याचं कारण नाही. निपाणीच्या पेठेत मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही. आणि सॉफ्टवेअर कोणतंही आलं तरी कागलच्या बिलाला आयजीएसटीच लागणार आहे. ते ज्याला कळलं त्याला टॅलीतून झोहोत जायला महिना पुरतो.

दोन गोष्टी पुढच्या टप्प्याच्या. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. उद्यमबाग-मच्छेकडच्या अशा कंपनीत जायचं असेल तर क्लासमधली एक सवय आधी मोडावी: चुकलेलं व्हाउचर खोडून नवं टाकणं. तिथे खोडलेलंही दिसतं आणि ऑडिटर कारण विचारतो. चूक झाली तर दुरुस्तीची नोंद किंवा क्रेडिट नोट करायची. प्रोप्रायटर आणि भागीदारीच्या धंद्याला हा नियम नाही, पण ही सवय तिथेही शोभते. दुसरी गोष्ट जीएसटी प्रॅक्टिशनरची. वाणिज्य पदवीधराला पोर्टलवर त्यासाठी नोंदणी करता येते, नासिन या केंद्राच्या संस्थेची परीक्षा द्यावी लागते, आणि मग दुसऱ्यांच्या वतीने त्यांची रिटर्नं भरता येतात. पेढीवर नोकरी करणाऱ्याला याची गरज नाही. चार-पाच वर्षांनी स्वतःचं टेबल टाकायचं असेल, आठ-दहा दुकानांचं काम घरून घ्यायचं असेल, तेव्हा हे सर्टिफिकेट खरोखर पोट चालवतं. लग्नानंतर दिवसभर बाहेर राहता न येणाऱ्या, पण कामात पक्क्या असलेल्या बायकांनी याचा विचार जरूर करावा.

राहता राहिला सर्टिफिकेटवरच्या तारखेचा प्रश्न. टॅलीप्राइम नोव्हेंबर २०२० मध्ये आलं. त्याआधीच्या ईआरपी ९ वरचं प्रमाणपत्र अजून पुष्कळांच्या फाइलीत आहे. त्यातलं हिशेबाचं ज्ञान जुनं होत नाही, पडद्याची रचना बदलली एवढंच. जीएसटीचं मात्र दर वर्षी काही ना काही बदलतं: दर, मुदती, टू-बीचे नियम, ई-इनव्हॉइसची मर्यादा. ती मर्यादा ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या उलाढालीवर आली आणि बेळगावातले कितीतरी मध्यम कारखाने तेव्हा पहिल्यांदा तिच्यात आले. त्यामुळे २०१८ चं ‘टॅली विथ जीएसटी’ दाखवणाऱ्याने नवी परीक्षा देण्यापेक्षा गेल्या तीन महिन्यांचा एक हिशेब आजच्या दरांनी, आजच्या नियमांनी लिहून सोबत ठेवावा. त्यात एक बिल निपाणीतलं असावं, एक कोगनोळीपलीकडचं, एक खरेदी शेतकऱ्याकडची आणि एक असा पुरवठादार ज्याने रिटर्न वेळेत भरलेलं नाही. सल्लागाराने विचारलं की शेवटच्या पुरवठादाराचं काय केलंस, तर उत्तर त्याच फाइलीत लिहिलेलं असावं: क्रेडिट घेतलं नाही, फोन केला, पुढच्या महिन्याच्या टू-बीत आल्यावर घेतलं.